‘लेकरं तर आमच्याच पलंगावर झोपतेत’: हॉटेलवाले माणसं कशी मोजतात

संभाजीनगरात रेल्वे स्टेशनच्या बाजूला एका हॉटेलच्या काउंटरवर मी बरीच वर्षं बसतोय. दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या की परभणी, हिंगोली, नांदेड, लातूरकडून वेरूळ-अजिंठ्याला येणाऱ्या घरांची रांग लागते, आणि दर दोन-तीन घरांमागे एकाशी वाद ठरलेला. वाद खोलीचा नसतो, टीव्हीचा नसतो. तो असतो माणसं मोजण्याचा. यंदा मात्र वाद काउंटरवर यायच्या आधीच फोनवर आला, कारण बुकिंग करणारा माझाच जिंतूरचा मावसभाऊ होता.

‘‘दादा, दुसऱ्या एका हॉटेलात खोली घेतली, तुमच्याकडं फुल होतं. अठ्ठावीसशे रुपये रात्रीचे, नाश्त्यासकट. पण आता फोन केला तर ते म्हणायलेत पाच जण एका खोलीत चालत नाहीत. लेकरं तर आमच्याच पलंगावर झोपतेत, मग पैसे कशाचे?’’

मी त्याला म्हटलं, बुकिंगची पावती पाठव. पावतीवर हॉटेलचं नाव, तारखा, रक्कम सगळं बरोबर होतं. मधल्या एका ओळीकडे मात्र त्याचं लक्षच गेलं नव्हतं. तिथं लिहिलं होतं: 2 Adults, 0 Children. घरातून निघणार होते पाच जण. तो, वहिनी, मावशी, बारा वर्षं चार महिन्यांची मुलगी आणि पाच वर्षं आठ महिन्यांचा मुलगा.

‘‘अरे, तू साइटवर दोनच माणसं टाकलीस.’’

‘‘ते आपोआपच दोन होतं तिथं. मी खोली एक टाकली, बस.’’

नव्वद टक्के भांडणं इथंच जन्माला येतात. बुकिंगच्या साइटवर तारखेच्या शेजारी माणसांचा जो चौकोन असतो, त्यात बहुतेक वेळा आधीपासून दोन मोठी माणसं भरलेली असतात. आपण तो चौकोन उघडलाच नाही, तर साइट समजते की दोघंच येणार, आणि दोघांचा भाव दाखवते. तो भाव खोलीचा आहे असं आपल्याला वाटतं. खरं तर तो त्या खोलीत राहणाऱ्या दोघांचा असतो.

आता प्रत्येक खोलीला दोन आकडे असतात. हे दोन वेगळे कळले की पुढचं सगळं सोपं आहे. पहिला आकडा म्हणजे भावात किती माणसं धरली आहेत. साध्या खोलीत हा आकडा जवळजवळ नेहमीच दोन असतो. दुसरा आकडा म्हणजे त्या खोलीत जास्तीत जास्त किती माणसं राहू शकतात. मावसभावानं घेतलेल्या खोलीत ही मर्यादा अशी होती: तीन मोठी माणसं, किंवा दोन मोठी आणि दोन लहान.

पहिल्या आकड्याच्या वर गेलात तर पैसे भरून काम होतं. यालाच हॉटेलवाले ‘एक्स्ट्रा पर्सन’ म्हणतात. दुसऱ्या आकड्याच्या वर गेलात तर पैसे देऊनही होत नाही. मावसभाऊ फोनवर ‘‘अजून हजार देतो ना’’ म्हणत राहिला आणि समोरचा माणूस ‘‘साहेब, जमत नाही’’ म्हणत राहिला. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, फक्त एक जण पहिल्या आकड्याबद्दल बोलत होता आणि दुसरा दुसऱ्या.

मर्यादा नुसती ताठरपणातून येते असं नाही. आमच्या हॉटेलातली साधी खोली साधारण बारा बाय चौदा फुटांची आहे. त्यातली सहा फूट पलंगाची, वर कपाट, टेबल, दोन खुर्च्या. मोकळ्या जागेत तीन बाय सहाची एक गादी नीट बसते. दुसरी गादी टाकली की बाथरूमचा दरवाजा गादीला अडतो. रात्री दोन वाजता म्हातारं माणूस उठलं तर ते लेकराच्या पायावर पाय देऊनच जाणार. शिवाय मध्येच काही झालं, धूर झाला, वीज गेली, तर खोलीतून बाहेर पडायची वाट मोकळी पाहिजे. आणि उन्हाळ्यात पाणी. एप्रिल-मे मध्ये आमच्याकडे टँकर येतो. त्या दिवसांत मालकाला खोल्या नाही, अंघोळी मोजाव्या लागतात.

‘‘पण लेकरू पलंगावरच झोपणार, गादी नको, मग?’’ हा प्रश्न रास्त आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. हॉटेल जास्तीच्या माणसाचे पैसे गादीपुरते घेत नाही. त्यात टॉवेल, साबण, गरम पाणी असतं आणि सगळ्यात मोठा भाग नाश्त्याचा असतो. खोली ‘नाश्त्यासकट’ असेल तर भावात दोन नाश्ते असतात, पाच नसतात. आमच्याकडे रात्री दहाच्या सुमारास रिसेप्शनवरून स्वयंपाकघरात यादी जाते, कोणत्या खोलीत किती माणसं. त्या आकड्यावर पोह्यांचं आणि इडलीच्या पिठाचं माप ठरतं. यादीत दोन लिहिलेल्या खोलीतून सकाळी पाच जण आले की वेटर खोलीचा नंबर विचारतो आणि तिथून दिवसाची सुरुवात कडवट होते.

त्यामुळे बहुतेक हॉटेलांत लहान मुलाचे दोन भाव असतात: गादीशिवाय आणि गादीसकट. मावसभावाच्या हॉटेलचा तक्ता मी फोन करून विचारून घेतला. पाच वर्षांपर्यंत गादी नको असेल तर फुकट, नाश्त्यासह. सहा ते बारा वर्षं, गादीशिवाय पाचशे रुपये, गादीसकट नऊशे. बारा वर्षांच्या वर मोठं माणूस, गादी आणि नाश्ता धरून हजार. हे सगळे आकडे एका रात्रीचे आणि कर वेगळा. दुसऱ्या हॉटेलात हे आकडे निराळे असणार, पण तक्त्याचा साचा बहुधा असाच असतो.

एक सावधगिरी इथंच सांगतो. ‘मुलाला राहणं फुकट’ आणि ‘मुलाला नाश्ता फुकट’ या दोन गोष्टी आहेत. काही ठिकाणी पाच वर्षांपर्यंतचं लेकरू फुकट राहतं, पण नाश्त्याचे पैसे वेगळे लागतात. जेवणासकट भाव असला तर हा फरक आणखी वाढतो.

आता वयाकडे येऊ, कारण खरी गंमत तिथं आहे.

आपल्या डोक्यात वयाचा हिशेब एसटीनं घालून दिलाय. पाच वर्षांच्या आत फुकट, पाच ते बारा हाफ तिकीट. रेल्वेतही पाचच्या आत फुकट, आणि पाच ते बारा वर्षांच्या आतल्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर अर्धं भाडं. बर्थ पाहिजे असेल तर 2016 पासून तिथंही पूर्ण भाडं लागतं. म्हणून माणसं काउंटरवर ठामपणे सांगतात, ‘‘हाफ तिकीट आहे त्याचं.’’ पण हॉटेलांना असं एकसारखं बंधन नाही. लहान मूल कुणाला म्हणायचं हे प्रत्येक हॉटेल स्वतः ठरवतं. एकाकडे पाच, एकाकडे सहा, एकाकडे आठ वर्षांपर्यंत फुकट. मोठं माणूस कुठं बारानंतर, कुठं दहानंतरच.

त्यातही शब्दांची मेख आहे. ‘पाच वर्षांपर्यंत’ आणि ‘पाच वर्षांच्या आत’ हे एकच वाटतं, पण मावसभावाच्या मुलासाठी या दोन्हींत पाचशे रुपयांचा फरक पडू शकतो. त्याला पाच वर्षं आठ महिने झालेत. ‘पाच वर्षांच्या आत’ असा नियम असेल तर तो बाहेर गेला, कारण पाचवा वाढदिवस उलटून गेला. ‘पाच वर्षांपर्यंत’ असेल तर बहुतेक हॉटेलं पूर्ण झालेली वर्षं मोजतात, म्हणजे सहावा वाढदिवस होईपर्यंत तो पाचचाच. मुलीचंही तसंच. बारा वर्षं चार महिने. ‘सहा ते बारा’ या ओळीत ती बसते की ‘बाराच्या वर’ या ओळीत? मी आमच्या काउंटरवर तिला बारा धरेन. दुसरा रिसेप्शनिस्ट म्हणेल, चार महिने वर झाले, मोठी झाली. दोघांनाही आपला अर्थ बरोबर वाटणार. म्हणून फोनवर ‘‘बारा वर्षांची मुलगी आहे’’ असं न सांगता जन्मतारीख सांगावी आणि त्यांच्याकडून ‘लहान’ की ‘मोठी’ हा एक शब्द मेसेजवर लिहून घ्यावा.

वय कोणत्या दिवसाचं धरायचं, हाही प्रश्न येतो. हॉटेलं साधारणपणे पोहोचायच्या दिवसाचं वय बघतात. काही साइटवर मात्र मुलाचं वय भरताना खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, खोली सोडायच्या दिवसाचं वय टाका. सहलीच्या मध्येच वाढदिवस येत असेल तर तेवढं वाचावं. बाकीच्यांनी सोडून द्यावं.

आणि पुरावा म्हणून काय मागतात? आधार. इथं एक बारीक खोच आहे. काही जुन्या आधार कार्डांवर पूर्ण तारीख नसून फक्त जन्मवर्ष छापलेलं असतं. मूल डिसेंबरात जन्मलेलं असलं तरी काउंटरवरच्या माणसाला नुसतं वर्ष दिसतं आणि तो सोयीचा हिशेब करतो. अशा वेळी जन्मदाखल्याचा फोटो मोबाइलमध्ये असला की वाद मिटतो. आपल्याकडे एक अख्खी पिढी शाळेच्या दाखल्यावर 1 जूनला जन्मलेली आहे. त्यांना हॉटेलात काही अडत नाही, म्हाताऱ्यांना तिथं हाफ तिकीट नसतं. पण लेकरांच्या बाबतीत तारीख महत्त्वाची.

आता मावसभावाचा हिशेब. त्याच्या मनात होतं, अठ्ठावीसशेची खोली, मावशीचे हजार, मुलीचे हजार, मुलगा फुकट. झाले चार हजार आठशे. ही बेरीज कागदावर बरोबर आहे, पण ती खोली त्याला मिळणारच नव्हती, कारण मर्यादा तीन मोठी किंवा दोन मोठी आणि दोन लहान. यांच्यात मोठी तीन आणि वर दोन लेकरं. मुलगी लहान धरली तरी पाच, मोठी धरली तरी पाच. म्हणजे तिच्या वयावर तो जी दहा मिनिटं भांडला होता, ती वायाच गेली होती.

मी त्याला विचारलं, दोन खोल्या घेतल्या तर? एका खोलीत तू, वहिनी आणि मुलगा. दुसरीत मावशी आणि मुलगी. दोन्ही खोल्यांत भावातली दोन-दोन माणसं भरली, मुलगा फुकट, जास्तीचा रुपयाही नाही. खोल्या दोन, म्हणजे पाच हजार सहाशे. फक्त वाटणी करताना प्रत्येक खोलीत ओळखपत्र असलेलं एक मोठं माणूस पाहिजे. नुसत्या लेकरांना वेगळी खोली कुणी देत नाही.

‘‘आठशेनंच जास्त आहे की,’’ तो म्हणाला. लोकांना दुसरी खोली म्हणजे दुप्पट खर्च वाटतो. चौथं-पाचवं माणूस आलं की जास्तीच्या माणसांचे पैसे आणि दुसरी खोली यांतलं अंतर पुष्कळ कमी झालेलं असतं, हे बेरीज मांडल्याशिवाय दिसत नाही.

पण त्याच हॉटेलात तिसराही रस्ता होता. दोन मोठ्या पलंगांची फॅमिली रूम. भावात चार माणसं, मर्यादा पाच, रात्रीचे साडेचार हजार. तो, वहिनी, मावशी, मुलगी हे चार. मुलगा पाचवा, फुकट. मुलगी लहान की मोठी हा प्रश्नच उरत नाही, कारण ती भावातल्या चारांत बसली. त्याच्या मनातल्या चार हजार आठशेपेक्षाही तीनशेनं कमी.

‘‘मग ही खोली मला दिसली कशी नाही?’’

दिसली नाही, कारण त्यानं दोन माणसं टाकली होती. दोघांसाठी शोधलं की साइट दोघांची स्वस्त खोली सगळ्यात वर आणते. साडेचार हजारांची खोली खाली कुठं तरी पडलेली होती आणि दोघांना ती महागच दिसणार. मी त्याला तिथंच चौकोन उघडायला लावला. मोठी माणसं तीन, मुलं दोन, वयं बारा आणि पाच. पान नव्यानं उघडलं आणि फॅमिली रूम वर आली.

कर दोन्हीकडे लागतो. 22 सप्टेंबर 2025 पासून रात्रीच्या साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर पाच टक्के जीएसटी आहे, आधी बारा होता. जास्तीच्या माणसाच्या पैशांवरही कर लागतो, हे लोक धरत नाहीत आणि मग बिल बघून चमकतात. फॅमिली रूम करासह 4,725, दोन रात्रींचे 9,450. दोन खोल्या करासह 5,880, दोन रात्रींचे 11,760. फरक 2,310 रुपयांचा. एवढ्यात अजिंठ्याच्या गाडीचं डिझेल सुटेल की नाही ते त्याचं त्यानं बघावं.

त्याचं नशीब की आधीचं बुकिंग दोन दिवस अगोदर फुकट रद्द होणारं होतं. नाही तर काय होतं, ते मी काउंटरवर दर हंगामात बघतो. माणसं पाच घेऊन येतात, बुकिंग दोघांचं, पैसे परत न मिळणारे. फॅमिली रूम गेलेली असते. दुसरी खोली असली तर त्या दिवसाच्या भावानं, आणि दिवाळीत तो भाव साइटवरच्यापेक्षा चढा असतो. काही जण मग मावशीला गाडीत बसवून ठेवतात आणि सामान आत गेल्यावर हळूच आणतात. हे करू नये. पैशांचं सोडा, रात्री मुक्कामाला असलेल्या प्रत्येक माणसाची नोंद आम्हाला रजिस्टरला करावी लागते आणि पोलीस ते रजिस्टर बघायला येतात. नोंद नसलेलं माणूस खोलीत सापडलं तर उत्तर आम्हाला द्यावं लागतं. गावातले पाहुणे संध्याकाळी भेटायला आले, लॉबीत चहा घेतला, त्याला कुणी काही म्हणत नाही. ते रात्री राहणार असतील तर ते माणूस मोजलं जातंच.

बुकिंग करताना खाली एक रिकामी चौकट असते, ‘स्पेशल रिक्वेस्ट’ची. पुष्कळ जण तिथं ‘एक गादी जास्त द्या’ असं लिहून निर्धास्त होतात. ती विनंती असते, मंजुरी नसते. आमच्याकडे जास्तीच्या गाद्या सहा आहेत. शनिवारी सात खोल्यांनी विनंती लिहिली तर सातवा माणूस माझ्याशी भांडणार. पावतीवर गादीचे पैसे लागलेले दिसले किंवा हॉटेलनं ‘गादी दिली’ असं उलट लिहिलं, तरच ती मिळाली समजावी.

आणि गादी म्हणजे काय, हेही विचारावं. ‘एक्स्ट्रा बेड’ म्हटलं की माणसाच्या डोळ्यांसमोर खाट येते. आमच्यासारख्या मध्यम हॉटेलांत ती बहुतेक वेळा जमिनीवर टाकलेली गादी असते. चाकांची दुमडणारी खाट मोठ्या हॉटेलांत असते, आमच्याकडे एकच आहे आणि तिचं एक चाक रुसलेलं आहे. तरुण माणूस गादीवर झोपेल. मावशीचे गुडघे गेलेत, जमिनीवरून उठताना तिला दोन माणसं लागतात. फॅमिली रूम तिच्यासाठी पैशांपेक्षा त्यामुळे बरी, की तिला पलंग मिळतो.

शेवटी मावसभावानं हॉटेलला जो मेसेज केला तो मीच सांगून लिहवला. बुधवार आणि गुरुवार, दोन रात्री, कारण सोमवारी अजिंठा बंद असतं आणि मंगळवारी वेरूळ. फॅमिली रूम एक. मोठी माणसं तीन, मुलगी आणि मुलगा, दोघांच्या जन्मतारखा. पाच जणांचा नाश्ता धरलाय का, आणि करासह एकूण किती, एवढेच दोन प्रश्न. वीस मिनिटांत उत्तर आलं: पाचही जण चालतील, नाश्ता पाचांचा, एकूण 9,450.

मग त्याला आठवलं, गाडी भाड्याची आहे, ड्रायव्हरही येणार. ड्रायव्हर खोलीत धरत नाहीत. काही हॉटेलांत त्यांच्यासाठी खाली वेगळी खोली असते, काहींत नसते आणि ते गाडीतच झोपतात. त्याचा मेसेज वेगळा करायला लागला.